थकलेल्या आठवड्यासाठी ओळखीची मालिका : निवड कशी करावी?

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. जेवण आटोपलेले असते, दिवसभराची दगदग अंगात मुरलेली असते आणि झोपण्यापूर्वी पाऊण तास आपला म्हणून हाताशी असतो. सगळ्यांनी वाखाणलेली एखादी नवी मालिका पाहायची म्हणून आपण टीव्ही लावतो. पहिल्या दहा मिनिटांत सात-आठ पात्रे येऊन जातात, कोण कोणाचा भाऊ हे लक्षात राहत नाही, मध्येच कथा पाच वर्षे मागे जाते आणि आपण मुकाट्याने टीव्ही बंद करतो. ती मालिका वाईट असते असे नव्हे. त्या रात्री तिचे ओझे उचलण्याइतके त्राण आपल्यात नसते, इतकेच.

अशा वेळी बहुतेक जण पूर्वी पाहिलेल्या मालिकेकडे वळतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा १९८७ सालची ती मालिका घरोघरी नव्याने पाहिली गेली. कथेत पुढे काय होणार हे ठाऊक नसलेला प्रेक्षक त्यात क्वचितच असेल. २०२३ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून सर्वाधिक पाहिली गेलेली मालिका होती ‘सूट्स’, आणि तिचे मूळ प्रसारण २०१९ मध्येच संपले होते. तेव्हा जुन्याकडे वळणे ही काही एकट्यादुकट्याची लहर नाही. अडचण असते ती निवडीची. ओळखीची म्हणून लावलेली मालिका कधी कधी नव्या मालिकेहून अधिक दमवते, रडवते किंवा जागवते. हे का घडते आणि ते टाळून निवड कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

नवी मालिका जड का वाटते?

नवी कथा पाहताना प्रेक्षक स्वस्थ बसलेला दिसला, तरी त्याचे मन बरेच काम करीत असते. पात्रांची नावे व नाती ध्यानात ठेवायची, कोणावर विश्वास ठेवायचा ते ठरवायचे, लेखकाने पेरलेल्या खुणा हेरायच्या आणि शेवट काय होईल याची अनिश्चितता सोसायची. उत्साहाच्या दिवसांत याच कामात मौज असते. परंतु दिवसभर कार्यालयात असेच निर्णय घेऊन आलेल्या माणसाला तो आणखी एका पाळीचा आरंभ वाटतो. ओळखीच्या मालिकेत हे काम आधीच झालेले असते. माणसे परिचयाची असतात, वाईट काय घडणार आणि ते कुठे निवळणार हेही ठाऊक असते. मनाला फक्त सोबत करायची असते.

या अनुभवाचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जे डेरिक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की मनाला आवर घालावा लागणारे काम करून आलेली माणसे आपल्या आवडत्या, परिचित मालिकेच्या जगाकडे अधिक ओढली जात आणि तेथून परतल्यावर त्यांची उभारी काहीशी वाढलेली असे. कोणताही कार्यक्रम पाहिल्याने मात्र हा लाभ होत नव्हता. त्यासाठी कथा परिचयाची असणे आवश्यक होते. यावर फार मोठी इमारत मात्र उभारू नये. ‘मनःशक्ती खर्च होऊन संपते’ ही ज्या कल्पनेवर हे संशोधन आधारलेले होते, तीच २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत डळमळीत ठरली. तेव्हा ओळखीची मालिका म्हणजे औषध नव्हे. थकलेल्या मनावर नवा भार न टाकणारी करमणूक, एवढाच तिचा अर्थ घ्यावा. नेमका तेवढा लाभ पदरात पडण्यासाठी निवड जपून करावी लागते.

निवडीच्या चार कसोट्या

करमणुकीचा मनःस्थितीवर होणारा परिणाम अभ्यासणारे डॉल्फ झिलमन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात कोणत्याही कार्यक्रमाचे चार गुण विचारात घेतले आहेत. तो किती उत्तेजित करतो, मनाला किती गुंतवतो, त्याचा आशय आपल्या चिंतेच्या किती जवळचा आहे आणि त्याचा सूर सुखद आहे की दुःखद. हा सिद्धान्त एरवी पाठ्यपुस्तकांत राहत असला, तरी मालिका निवडताना या चार गुणांचे चार साधे प्रश्न करता येतात.

पहिला प्रश्न उत्तेजनेचा. या मालिकेचा भाग पाहताना छातीतील धडधड वाढते का? पाठलाग, खून, आरडाओरडा किंवा भागाच्या अखेरीस टांगून ठेवलेले रहस्य असेल, तर शेवट ठाऊक असूनही शरीर ताठरतेच. झिलमन आणि जेनिंग्ज ब्रायंट यांनी १९८४ मध्ये केलेल्या एका प्रयोगात काही जणांना कंटाळवाणे काम देऊन कंटाळवले, तर काहींना अवघड परीक्षा देऊन ताणात टाकले आणि मग हवा तो कार्यक्रम पाहू दिला. कंटाळलेल्यांनी उत्तेजक कार्यक्रम निवडले. ताणातील मंडळींनी शांत कार्यक्रम त्यांच्याहून अधिक पाहिले खरे, परंतु उत्तेजक कार्यक्रमही त्यांनी टाळले नाहीत. म्हणजे थकलेला माणूस आपणहून योग्य तेच उचलेल, याची खात्री नाही. म्हणून निवड रात्री सोफ्यावर बसल्यावर करण्याऐवजी, डोके ताजे असताना सकाळी किंवा रविवारी करून ठेवावी.

दुसरा प्रश्न गुंतवणुकीचा, आणि येथे पुष्कळांची गल्लत होते. जितकी अधिक पाठ तितकी मालिका चांगली, असे वाटते. तसे नाही. वाक्य न् वाक्य तोंडपाठ असलेल्या मालिकेवर मन ठरत नाही. पडद्यावर चित्रे हलत राहतात आणि त्यांच्या मागे दिवसभराच्या चिंता बिनदिक्कत चालू राहतात. याउलट, एकदाच आणि तीही अर्धवट पाहिलेली मालिका नव्याइतकीच जड होते. विशेषतः रहस्यकथेत खुनी कोण हे आठवत नाही, पण आपल्याला ते ठाऊक होते एवढे आठवते, आणि मन ते शोधण्याच्या मागे लागते. एक साधी परीक्षा करून पाहावी. कोणताही भाग लावून पाच मिनिटांनी थांबवावा. पुढे काय घडते हे ढोबळपणे सांगता आले, पण संवाद आठवले नाहीत, तर मालिका नेमक्या अंतरावर आहे. काहीच सांगता आले नाही तर ती या आठवड्यापुरती नवीच समजावी. आणि पाहता पाहता हात तीनदा मोबाइलकडे गेला, तर ती अति पाठ आहे.

तिसरा प्रश्न आशयाच्या जवळिकीचा. आपली सध्याची चिंता या मालिकेत भेटते का? घरात आजारपण असताना रुग्णालयातील मालिका कितीही विनोदी असली तरी टाळावी, हे कोणालाही पटेल. पण जवळीक नेहमी इतकी उघड नसते. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ ही २००४ मध्ये सुरू झालेली मालिका विनोदाचा उत्तम नमुना आहे. तथापि तिचा बराचसा विनोद कफ परेडच्या उच्चभ्रू माया साराभाईने मध्यमवर्गीय सुनेला, मोनिषाला, मारलेल्या मधाळ टोमण्यांतून फुलतो. ज्या घरात त्या आठवड्यात सासू-सुनेत अबोला आहे, तेथे तिचा विनोद बोचेल. शेजारच्या घरात मात्र तीच मालिका हसवून मोकळे करील. म्हणून ‘ताणासाठी उत्तम दहा मालिका’ अशा याद्यांचा उपयोग मर्यादित असतो. मालिकेचा गुण पाहणाऱ्याच्या आठवड्याशी ताडून पाहावा लागतो.

चौथा प्रश्न सुराचा, आणि तो संपूर्ण मालिकेला विचारण्याऐवजी एकेका भागाला विचारायचा असतो. आठवणीत मालिकेचा एकच सरासरी रंग उरतो आणि आपण त्या रंगावर विसंबतो. शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवरून दिग्दर्शित केलेली ‘मालगुडी डेज’ (१९८६) आठवली, की एल. वैद्यनाथन यांची ती धून, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि आगुंबे गावातील कौलारू घरे डोळ्यांपुढे येतात. सगळे कसे निवांत होते, असे वाटते. प्रत्यक्षात नारायण यांच्या अनेक कथांत गरिबी आहे, फसगत आहे, हरवलेली माणसे आहेत. मास्टर मंजुनाथने साकारलेल्या स्वामीचे भाग वेगळे आणि बाकीचे काही भाग वेगळे. ‘मालगुडी’ लावली म्हणून जो भाग समोर येईल तो पाहिला, तर थकल्या मनाला उगीचच चटका बसण्याचा संभव असतो.

‘पंचायत’चेही तसेच. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या पर्वातील फुलेरा गाव, सचिवजी, प्रधानजी आणि छोटी छोटी प्रकरणे यांमुळे ही मालिका हलकीफुलकी म्हणून मनात ठसली आहे. परंतु २०२२ च्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटी प्रल्हादचा सैनिक मुलगा मृत्युमुखी पडतो, आणि पुढल्या पर्वांत गावातील राजकारणाची तेढ वाढत जाते. एकच मालिका, पण पहिले पर्व विसाव्याचे आणि दुसऱ्याचा शेवट ऊर भरून आणणारा. म्हणून मालिका निवडल्यावर तिथेच न थांबता भागही निवडावे लागतात.

एका आठवड्याची गोष्ट

या कसोट्या प्रत्यक्षात कशा लागू पडतात, हे माझ्या मावसबहिणीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. ती पुण्यात एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. काही काळापूर्वी मार्चअखेरचा आठवडा आणि तिच्या वडिलांची, म्हणजे आमच्या काकांची, हृदयावरील बायपास शस्त्रक्रिया एकाच वेळी आली. शस्त्रक्रिया बुधवारी ठरली होती. मावशी त्या आठवड्यापुरती लेकीकडे राहायला आली होती. दिवसा शाखेतील वार्षिक ताळेबंदाची धावपळ, संध्याकाळी रुग्णालयात फेरी आणि साडेनऊच्या सुमारास मायलेकी जेवून समोरासमोर बसत. दोघींनाही बोलायचे नसे आणि झोपही येत नसे. जावयाने आपण होऊन टीव्ही लावावा आणि त्या दोघींनी पाहावे, असा क्रम सोमवारी सुरू झाला.

सोमवारी त्याने ‘पंचायत’ लावली. ती तिघांनाही आवडलेली होती आणि ॲपमध्ये मागच्या वेळी जेथे सोडली होती तेथून, म्हणजे दुसऱ्या पर्वाच्या अखेरीपासून, सुरू झाली. परिणाम व्हायचा तोच झाला. प्रल्हादच्या घरासमोरचे दृश्य आले आणि मावशी उठून आत गेली. बहिणीला रात्री दोनपर्यंत झोप नव्हती. दोष मालिकेचा नव्हता. दुसऱ्या पर्वाचा शेवट कसा आहे, हे तिघांनाही ठाऊक होते. त्या वेळी ते कोणाच्या लक्षात आले नाही, इतकेच. शिवाय सरकारी कचेरी, वरिष्ठांचे फोन आणि कागदपत्रे यांनी बहिणीला पुन्हा शाखेतच नेऊन बसवले होते, हे तिला नंतर जाणवले.

मंगळवारी सकाळी तिने चहा घेताना कागदावर चार नावे लिहिली. पहिले नाव ‘फ्रेंड्स’चे. ती महाविद्यालयात असल्यापासून तिने ती इतक्या वेळा पाहिली होती, की संवाद आपसूक ओठांवर येत. म्हणजे मन ठरणार नव्हते. शिवाय मावशीला त्या इंग्रजीचा वेग झेपला नसता, आणि त्या आठवड्यात मालिका दोघींची असणे आवश्यक होते. दुसरे नाव ‘ब्योमकेश बक्षी’चे, तिच्या नवऱ्याच्या आवडीचे. बासू चटर्जी दिग्दर्शित आणि रजित कपूर अभिनित ही १९९३ ची मालिका आजच्या मानाने शांतच. पण खुनी कोण हे कोणालाच धड आठवत नव्हते, म्हणजे ती जवळजवळ नवी होती. तिसरे नाव ‘मालगुडी डेज’चे. स्वामीचे भाग चालले असते, पण भाग वेचायला बसण्याइतका वेळ मंगळवारी कोणाकडेच नव्हता.

चौथे नाव ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चे. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेली, केदार शिंदे दिग्दर्शित ही मालिका २००१ पासून ‘अल्फा मराठी’ या वाहिनीवर लागत असे. आबा टिपरे, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला आणि शलाका व शिऱ्या ही नातवंडे, एवढे पाच माणसांचे कुटुंब. बहुतेक भागांत घरगुती आणि लहानशी अडचण उभी राहते आणि ती भागाच्या शेवटी निवळते. मालिका दोघींनी मूळ प्रसारणाच्या काळात पाहिली होती आणि नंतर अधूनमधून काही भाग. माणसे ओळखीची होती, घटना पुसट झाल्या होत्या. म्हणजे दुसऱ्या प्रश्नातील नेमके अंतर साधले जात होते. भाग वीस-बावीस मिनिटांचा, त्यामुळे पाऊण तासात दोन भाग बसत होते.

आता तिसरा प्रश्न उरला, आणि तो अवघड होता. मालिकेच्या केंद्रस्थानी घरातील वृद्ध गृहस्थ, आणि इकडे घरातील वृद्ध गृहस्थ शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणार. हे साम्य टाळावे की नाही? माझ्या बहिणीने त्यावर जो विचार केला, तो मला पुस्तकातील नियमाहून अधिक सूक्ष्म वाटतो. तिच्या मते साम्य दोन प्रकारचे असते. एक संकटाचे आणि दुसरे माणसाचे. ज्या भागात आजारपण आहे, डॉक्टर आहे, दवाखान्याचा मार्ग आहे, तो भाग संकट आठवून देतो, म्हणून तो टाळायचा. पण नातवंडांची फिरकी घेणारे खोडकर आबा संकट आठवून देत नाहीत. ते निरोगी काका आठवून देतात. तिने आईला सरळ विचारले, ‘टिपरे लावू का? आबांना बघून त्रास नाही ना होणार?’ मावशी म्हणाली, ‘लाव. हे सुद्धा अस्सेच चिडवतात.’ हा प्रश्न विचारणे महत्त्वाचे होते. तो विचारण्याऐवजी दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेणे ही एकत्र पाहणाऱ्यांची नेहमीची चूक असते.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बहिणीने भागांची नावे व थोडक्यात वर्णने वाचून सहा भाग कागदावर उतरवले, आजारपणाचे वाटणारे दोन वगळले. मंगळवारी रात्री दोन भाग पाहून टीव्ही बंद झाला. शस्त्रक्रियेच्या दिवशी, बुधवारी, त्यांनी काहीच पाहिले नाही. रुग्णालयातून रात्री अकराला परतल्यावर झोप हीच निकड होती. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली होती. गुरुवारी एकच भाग पाहून मावशी खुर्चीतच झोपी गेली, आणि शुक्रवारी पुन्हा दोन भाग झाले. सहावा भाग राहून गेला. तो पुढे काका घरी आल्यावर त्यांच्यासमवेत पाहिला गेला.

कुठे चुकते आणि ते कसे ओळखावे

सर्वांत नेहमीची चूक मात्रेची. ओळखीच्या मालिकेत पुढे काय याची उत्कंठा नसते, म्हणून ती सोडणे सोपे असेल असे वाटते. अनुभव उलटा येतो. तीत थांबण्याची नैसर्गिक जागाही नसते. एक भाग संपला की दुसरा तितकाच निरुपद्रवी दिसतो आणि घड्याळात साडेबारा वाजतात. त्यामुळे पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय ॲपच्या सेटिंगमधून आधीच बंद करावी आणि भागांचा आकडा बसण्यापूर्वीच ठरवावा. उठण्याच्या वेळेपासून झोपेचे सात-आठ तास मागे मोजावेत. उरेल त्या वेळात जितके भाग बसतील तितकेच. शेवटचा भाग अर्धवट राहणार असेल तर तो सुरूच करू नये.

दुसरी चूक अपराधी भावनेची. ‘एवढी कामे पडली असताना मी पाहिलेलीच मालिका पुन्हा पाहत बसलो आहे’ असा काटा मनात सलत राहतो. जर्मन अभ्यासक लिओनार्ड राइनेके व त्यांचे सहकारी यांना २०१४ मध्ये असे दिसून आले, की ज्यांना विश्रांतीची सर्वाधिक गरज असते तेच थकलेले लोक टीव्ही पाहण्याला कामचुकारपणा समजून अधिक अपराधी होतात, आणि त्यामुळेच पाहण्यातून त्यांना मिळणारा विसावा घटतो. यावर उपाय स्वतःला उपदेश करण्याचा नाही. उपाय आहे तो आधी मर्यादा घालण्याचा. ‘दोन भाग, साडेदहापर्यंत’ हे ठरलेले असले, की तो वेळ कामातून चोरलेला वाटत नाही.

तिसरी अडचण काळाने आणलेली असते. आपण मालिका होती तशीच समजून परततो, पण दरम्यान जग बदललेले असते. ‘फ्रेंड्स’मधील चँडलर साकारणारे मॅथ्यू पेरी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, ‘साराभाई’तील इंद्रवदन साकारणारे सतीश शहा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. त्यांच्या विनोदावर हसता हसता क्षणभर हे आठवते. कोणाला त्यातून हळवे समाधान लाभते, कोणाचे मन बसते. त्याचप्रमाणे वीस वर्षांपूर्वी सहज हसू आणणारा एखाद्याच्या रंगावर किंवा जाडेपणावर केलेला विनोद आज खटकतो. खटकले तर तो भाग सोडून द्यावा. आठवणीतील मालिका वाचवण्याची जबाबदारी थकलेल्या आठवड्यात आपल्यावर नसते.

चौथी गोष्ट उपलब्धतेची. जुन्या मालिकांचे हक्क एका ॲपवरून दुसऱ्याकडे जातात, काही भाग गाळलेले असतात, काहींचे चित्र किंवा आवाज खराब असतो. रात्री साडेनऊला हे शोधत बसणे म्हणजे नवा ताण. ठरवलेल्या मालिकेचे निदान दोन-तीन भाग चालतात की नाही, हे सकाळीच पाहून ठेवावे.

निवड जमली की नाही, हे ओळखणे कठीण नाही. पाहत असताना भाग किती मिनिटांचा राहिला हे पाहण्याची गरज वाटली नाही, टीव्ही बंद केल्यावर खांदे सैल वाटले आणि अंथरुणावर पडल्यावर डोक्यात मालिकेतील एखादे वाक्य रेंगाळले, तर निवड योग्य होती. भाग संपताच चिंता होती तेथूनच पुन्हा सुरू झाली, तर दुसऱ्या रात्री मालिका बदलावी. अशा वेळी त्याच मालिकेचे भाग वाढवल्याने काही साधत नाही.

याची एक हद्द आहे, तीही ध्यानात ठेवावी. ओळखीची मालिका कठीण आठवडा ओलांडायला मदत करते. संकट सरल्यावरही दोन-तीन आठवडे नवे काहीच नकोसे वाटत असेल, भागांची संख्या रोज वाढत असेल किंवा टीव्ही बंद केला की झोप येईनाशी झाली असेल, तर प्रश्न मालिका निवडीचा राहिलेला नाही. तेव्हा घरच्यांशी आणि आपल्या डॉक्टरांशी बोलणे हाच मार्ग.

क्रिस्टेल रसेल आणि सिडनी लेव्ही यांनी २०१२ मध्ये पुन्हा पुन्हा तेच पुस्तक वाचणाऱ्या, तोच चित्रपट पाहणाऱ्या आणि त्याच गावी जाणाऱ्या लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. त्यांच्या बोलण्यातून असे दिसले, की माणसे केवळ तेच सुख पुन्हा मिळवायला परतत नाहीत. मागच्या वेळेपासून आपण किती पुढे आलो, हेही त्यांना त्या ओळखीच्या ठिकाणी उभे राहून दिसते. काका घरी आल्यावर राहिलेला सहावा भाग लावला, तेव्हा बहीण आणि मावशी ज्या रात्री तो पाहू शकल्या नव्हत्या ती रात्र दोघींनाही आठवली असणार. त्याविषयी कोणी काही बोलले नाही. काकांनी मात्र आबांच्या एका खोडीवर मनापासून हसून टाके दुखवून घेतले आणि मावशीने त्यांना दटावले.